ब्रेककाकांचा होकार

ब्रेककाकांनी आमच्या अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि शिकवताना प्रत्येकाला पोटभर ऐकवलं. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूला एक जादा ब्रेक होता. त्यावर त्यांचा उजवा पाय असा बसलेला असायचा की ती सवय पुढे गाडीतून उतरल्यावरही सुटली नाही. दुसऱ्याच्या गाडीत, बसमध्ये, एवढंच काय, सिनेमात गाडी भरधाव सुटली तरी काका पुढच्या खुर्चीला पाय रोवायचे. पुढे बसलेला माणूस वळून बघायचा, ओळखायचा आणि मुकाट्याने सरकून बसायचा.

मीही त्यांच्याचकडे शिकले. भर चौकात मी गाडी बंद पाडली, मागून हॉर्नचा कल्लोळ उठला आणि माझी पाचावर धारण बसली. काका ढिम्म. म्हणाले, “डॉक्टरीणबाई, मागच्यांना बोंबलू दे. तू आधी न्यूट्रलला ये.” शिकायला बसलेल्या प्रत्येकाला ते अरे-तुरे करायचे, मग तो डॉक्टर असो की फौजदार. बायको गेल्यावर त्यांनी गाडी विकली. त्यानंतर दोनेक वर्षांनी विसरायला लागले. आधी नावं, मग गॅस बंद करायचं, मग घराची वाट. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं तेव्हा मुलाने हाय खाल्ली. सुनेने दार उघडताच लांबून ऐकू येईल अशी घंटी लावली आणि पोस्टातली नोकरी सांभाळून त्यांचं सगळं करू लागली.

साखरेचा त्रास जुना होता. त्यात त्याच उजव्या पायाचं रक्त आटत गेलं आणि बोटं काळी पडली. रक्तवाहिनी मोकळी करण्याचा मार्ग तपासून झाला, तो जमण्यासारखा नव्हता. सर्जनचं मत पडलं की पाय गुडघ्याखाली काढावा. तारीख ठरायच्या आतच काकांना ताप भरला आणि ते आमच्या वॉर्डात दाखल झाले. पहिले दोन दिवस त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. पलंगाच्या गजावर पाय दाबत “अगं थांब, माणूस आहे पुढे!” म्हणून ओरडायचे. त्यांना झोपेची गोळी सुरू झाली आणि ते शांत झाले. सगळ्यांना हायसं वाटलं. मला अशा शांततेची धास्ती वाटते.

सर्जनने मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. “म्हातारबा निवळलेत. पाय काढायला हो म्हणालेत, मुलाच्या आणि सिस्टरच्या समोर. तू तेवढं शुगर-बिगर बघून भुलीला फिट आहेत असं लिहून टाक. उद्या थिएटर मोकळं आहे.”

आम्ही दोघं एकाच वर्षी शिकून बाहेर पडलो, त्यामुळे तो मला कामं अशीच सांगतो आणि मी त्याला तोंडावर बोलते. मी वृद्धांचे आजार बघते. त्याच्या मते माझं काम म्हणजे चांगल्या चाललेल्या गाडीला खीळ घालणं.

काका डोळे अर्धवट मिटून पडले होते. उशाशी मुलगा कागद घेऊन उभा. ‘रुग्ण भानावर असून शस्त्रक्रियेस तयार आहे’, आणि खाली काकांचा अंगठा. सगळ्या गावाच्या अर्जांवर झोकदार सही ठोकणाऱ्या माणसाचा अंगठा. सही जमेना म्हणून घेतला, असं मुलगा म्हणाला. इथेच माझं डोकं तडकलं, पण मी आवाज चढवला नाही.

“काका, तुमचा पाय कापायचा म्हणतायत. कापू या?”

“हो.”

“की राहू दे, नको कापायला?”

“हो.”

“मी डोक्यावर टोपली घेऊन इथे नाचले तर चालेल?”

“हो, चालेल की,” काका मनापासून म्हणाले.

सिस्टरला हसू फुटलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. मुलाचा चेहरा मात्र पडला. “पण मला ते हो म्हणाले होते,” तो पुन्हा म्हणाला. खोटारडा नव्हता तो. बाप जाईल या भीतीने अर्धा झाला होता, आणि ‘हो’ ऐकल्यावर त्याला तेवढाच आधार मिळाला होता. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. म्हातारा ‘नाही’ म्हणाला की त्याला कळत नाही असं म्हणून सगळे मला बोलावतात. तोच म्हातारा ‘हो’ म्हणाला की त्याला सगळं कळतं, मग कोणी बोलावत नाही.

मी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार झालं, मग “कोळसा” म्हणाले आणि डोळा लागला. सुनेला बाजूला घेऊन विचारलं, “आजारी पडायच्या आधी कसे होते?”

“गुरुवारपर्यंत स्वतःची दाढी स्वतः करायचे,” ती म्हणाली. “माझं नाव विसरायचे, पण दाढी चकाचक. शुक्रवारी साबणाचा फेस आणला आणि तोंडात घातला.”

“आणि हे कान?”

“ऐकायचं यंत्र घरी आहे. इथे हरवेल म्हणून आणलं नाही.”

म्हणजे चार दिवसांत झालेली पडझड. स्मृतिभ्रंशात माणूस एकेक पायरी सावकाश उतरतो. एकदम कोसळला की त्यावर दुसरं काहीतरी चढलेलं असतं. त्याला डिलिरियम म्हणतात. शरीरातल्या आजाराने मेंदूत माजलेला गोंधळ तो. सकाळी बरा, दुपारी वाईट, कधी आरडाओरडा, कधी असा गप्प. मूळ दुखणं बरं केलं की हा गोंधळ बराचसा ओसरतो, म्हणून त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. काकांच्या लघवीत जंतू होते, लघवी तुंबून पोट टम्म फुगलं होतं, शौचाला कितीतरी दिवस झालं नव्हतं. त्यावर ती झोपेची गोळी. आणि कानाला काही ऐकू येत नव्हतं ते वेगळंच.

मी त्यांच्या केसपेपरवर लिहायला बसले. नुसतं ‘रुग्ण गोंधळलेला, निर्णयक्षमता नाही’ एवढं लिहून हात झटकणं मला जमत नाही. असं एकदा लिहिलं गेलं की माणसाच्या कपाळावर शिक्का बसतो आणि पुढचा प्रत्येक जण तोच वाचतो. मी लिहिलं: ‘प्रश्न फक्त एका निर्णयाचा आहे, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा की नाही. आज सकाळी रुग्णाला लक्ष टिकवता येत नाही. सांगितलेलं स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. परस्परविरुद्ध दोन्ही प्रश्नांना हो म्हणतात. त्यामुळे आज हा निर्णय त्यांना घेता येत नाही, आणि आधी दिलेला होकार संमती धरू नये. कारण डिलिरियम, मूळ स्मृतिभ्रंशावर चढलेला, बरा होण्याची शक्यता आहे. तपासणीवेळी श्रवणयंत्र नव्हतं. जंतूंवरचं औषध, सलाईन आणि लघवीची नळी थांबू शकत नाही, ते त्यांच्या हितासाठी सुरू करत आहोत. पाय सध्या कोरडा आहे, म्हणजे सडून जंतू पसरलेले नाहीत, शस्त्रक्रिया थांबू शकते. रोज सकाळी पुन्हा तपासणार.’ आणि एक ओळ: ‘रुग्ण माझ्या ओळखीचे आहेत.’

“निबंध लिहिलास की काय?” सर्जन म्हणाला. पण त्याने वाचला. “आणि पाय ओला झाला तर?”

“तर थांबायचं नाही. तेव्हा जीव वाचवायला लागेल ते तू कर, मी आडवी येणार नाही. तेही लिहिते.”

“उद्याचं थिएटर गेलं माझं.”

“तुझं थिएटर परवाही तिथेच असणार आहे. काकांचा पाय उद्या कापलास तर नाही.”

मग साधी कामं सुरू झाली. झोपेची गोळी बंद. पोट साफ. पलंग खिडकीशी. यंत्र कानात, चष्मा डोळ्यांवर. दिवसभर घरचं कोणीतरी शेजारी. तिसऱ्या सकाळी मी वॉर्डात शिरले तर काका सिस्टरला औषधांची ट्रॉली कशी वळवायची ते शिकवत होते. “आधी बघ, मग वळ. मान कशाला दिलीय देवाने?” सिस्टर म्हणाली, “काका आले बरं का जागेवर.” मला इतका आनंद झाला की मी तिथेच ठरवून टाकलं, आता काका स्वतः ठरवणार. असं आधी ठरवून तपासायला बसणं हीच मोठी चूक. आवडता माणूस पास व्हावा म्हणून आपण प्रश्न सोपे करत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मी कागदावर पाय काढला आणि गुडघ्याखाली रेघ मारली. हळूहळू सांगितलं: बोटं मेली आहेत, परत जिवंत होणार नाहीत. कापलं तर हे, नाही कापलं तर ते. मग म्हटलं, “आता तुम्ही मला शिकवा. मी काय सांगितलं?”

“बोटं गेली. तू म्हणतेस इथून काढायचा,” त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. अगदी बरोबर. थोड्या वेळाने विचारलं तर विसरले होते, पण कागद समोर धरला की आठवायचं. तेवढं पुरतं. निर्णय होईपर्यंत मनात राहिलं की झालं, जन्मभर लक्षात ठेवायची अट नाही.

“मग तुम्हाला काय वाटतं?”

“काढा की. काय फरक पडतो? सोमवारी नवी बॅच आहे, तोवर येईल पाय.”

“येईल म्हणजे?”

“उगवेल ना,” ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनाच माझी दया आली असावी. “आणि हा काळा झालाय तो बुटाच्या पॉलिशने. घासला की जाईल. तू घाबरू नकोस.”

मी दुसऱ्या वाटेने विचारलं, तिसऱ्या वाटेने विचारलं. संध्याकाळी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते अगदी ताजेतवाने असताना विचारलं. वार आता धडाधड उलटे म्हणायचे, म्हणजे डिलिरियम बराचसा उतरला होता. पण पॉलिश तिथेच होतं आणि सोमवारची बॅचही. ऐकत होते, बोलून दाखवत होते, पण हे आपल्याच पायाचं आणि आपल्याच पुढच्या दिवसांचं आहे, हे काही आत उतरत नव्हतं. हे मूळच्या आजाराचं काम होतं आणि ते थांबल्याने सुधारणारं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ‘हा निर्णय त्यांना घेता येत नाही’ असं मी लिहिलं, त्यांची उगवणाऱ्या पायाची वाक्यं जशीच्या तशी खाली लिहिली आणि पेन बंद केलं.

पण उठवेना. आमच्या हॉस्पिटलचा नियम असा, की रुग्णाला ठरवता येत नसेल तर त्याने निवडलेल्या माणसाने ठरवायचं, आणि कोणी निवडलेलंच नसेल तर जवळच्या नातलगाने. बहुतेक वेळा आपण सरळ दुसऱ्या वाक्यावर उडी मारतो आणि मुलाच्या हातात पेन देतो. काकांना पहिलं कोणी विचारलंच नव्हतं. पायाचं गणित अवघड होतं. कोणावर भरवसा आहे, हा प्रश्न त्या मानाने सोपा.

घरच्यांना बाहेर थांबवून मी विचारलं, “काका, पायाचं तुमच्या वतीने कोणीतरी ठरवायला लागेल. कोणी ठरवावं?”

“सूनबाईने.”

“मुलगा आहे ना तुमचा.”

“आहे. गुणी आहे. पण घाबरट. घाबरला की डोळे मिटून गाडी पुढे घालतो. लायसनच्या परीक्षेत त्याला मीच तीनदा नापास करायला लावलं.” ते खुदकन हसले. “ती थांबते, विचारते. ती गाडी चालवताना शेजारी बसलो तर मला झोप लागते.”

काका चालत्या गाडीत झोपतात ही गोष्ट गावात कोणाला सांगितली असती तर त्याने मलाच वॉर्डात भरती केलं असतं.

संध्याकाळी मी मुद्दाम उलटं विचारलं. “काका, मग ठरलं तर. मुलगा ठरवेल.”

“नाही म्हटलं ना!” काका कडाडले. शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकले. “बाईला एकदा सांगून कळत नाही. सून!”

त्या ‘नाही’ने माझ्या जिवात जीव आला. टोपली घेऊन नाचायलासुद्धा हो म्हणणारा माणूस आता मला दटावत होता. दुसऱ्या सकाळी आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी एकट्याने जाऊन विचारलं, माझी ओळख मध्ये येऊ नये म्हणून. त्यांनाही तेच उत्तर मिळालं, तेच कारण आणि वर ‘किती वेळा विचारता’ ही पावती. आम्ही दोघांनी लिहिलं: ‘शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. आपल्या वतीने कोणी ठरवावं हे मात्र ठरवता येतं. तीन वेळा, वेगवेगळ्या प्रकारे विचारून एकच उत्तर, कारणासह.’ खाली काकांनी सही केली. झोकदार.

मुलाला सांगणं सोपं नव्हतं. “पोटचा मुलगा मी,” तो म्हणाला, “आणि परक्या घरून आलेली—” पुढचं त्याने गिळलं, कारण ती समोरच उभी होती. तिचा चेहरा तर त्याच्यापेक्षा उतरलेला.

“मला नकोय हे, डॉक्टर,” ती म्हणाली. “काही झालं तर जन्मभर घरात ऐकून घ्यावं लागेल मला.”

“तुम्ही नाही म्हणू शकता,” मी म्हटलं. “जबरदस्ती नाही. पण तुम्हाला काय हवं ते ठरवायचं नाहीये. काका शाबूत असते तर काय म्हणाले असते, तेवढं शोधायचंय.”

ती आधी सर्जनला भेटायचं म्हणाली.

त्या भेटीत मी कोपऱ्यात बसून होते. तिने विचारलं, नुसती बोटं काढून चालेल का? बोटांच्या वर पावलातही रक्त पोचत नाही, जखम भरणार नाही, असं सर्जन म्हणाला. काहीच नाही केलं तर? कोरडी बोटं कधीकधी आपोआप गळून पडतात, पण वेदना राहतील आणि कधीही पाय ओला होऊ शकतो. ऑपरेशनमध्ये जिवाला धोका? आहे, त्यांच्या वयाला आणि हृदयाला चांगलाच आहे. पुन्हा गोंधळतील? बहुतेक गोंधळतील. सर्जनने एकही गोष्ट गोड करून सांगितली नाही, हे त्याच्या बाजूने मी नमूद करते. मग तिने ड्रेसिंगच्या वेळी आत थांबायची परवानगी मागितली. काका ओरडले ते तिने ऐकलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली, तोंड धुतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “बाबांचे दात आठवतात तुम्हाला?”

मुलाला आठवले. डॉक्टर एकेक दात वाचवू म्हणत होता आणि काका म्हणाले होते, “रोजची कटकट नको. सगळे काढ एकदाचे आणि कवळी दे.” आईच्या शेवटच्या आजारातही, तिला उगाच सोसायला लावू नका, दुखणं कमी होईल ते करा, हेच त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं.

“ते काढा म्हणाले असते,” ती म्हणाली. “मी सही करते. पण शुद्धीवर येतील तेव्हा मी जवळ हवी, आणि कानात यंत्र हवं.”

पाय काढला. पुन्हा डिलिरियम झाला, ठरल्यासारखा, आणि आठवडाभरात ओसरला. ड्रेसिंगच्या किंकाळ्या थांबल्या. एका दुपारी सर्जन मला कॉरिडॉरमध्ये म्हणाला, “शेवटी झालं तेच ना? पोराने आणलेला कागद धरला असता तर एवढे दिवस वाचले असते.” मला त्याचा राग आला, पण हिशोब त्याचाच बरोबर दिसत होता. पाय एकच, रेघही तीच. खरंच, काय वेगळं झालं होतं?

ते मला दोन महिन्यांनी ओपीडीत कळलं. काका चाकाच्या खुर्चीत, मागे मुलगा, बाजूला सून. मी रक्तदाब घेत होते तोच काकांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“माझा पाय कुठाय?”

मुलगा हलकेच म्हणाला, “रोज विचारतात, डॉक्टर. दिवसातून दोनदा-तीनदा. दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखं.” मग ओशाळून म्हणाला, “सुरुवातीला मी म्हणायचो, ‘बाबा, तुम्हीच हो म्हणाला होतात.’ खवळायचे. ‘मी? मी असं म्हणेन? खोटं बोलतोस!’ म्हणून हाताला लागेल ते फेकायचे.”

“कोणी कापला?” काका ओरडले. “मला न विचारता कोणी कापला?”

सून त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिने त्यांच्या कानातलं यंत्र नीट केलं. “बाबा, बोटं मेली होती. तुम्हाला फार दुखत होतं. मी सांगितलं कापायला.”

“तू?”

“मी.”

“मला विचारलं होतं कोणी?”

सून काही बोलायच्या आत मागून मुलगा म्हणाला, “विचारलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, माझं हिने ठरवायचं. मी नको म्हणालात.”

काकांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं, मग बराच वेळ सुनेकडे. त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं, पण ते आपलंच बोलणं आहे हे त्यांना कुठेतरी पटलं असावं. त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “चला घरी.”